थांबलेला माणूस आणि न थांबणारा कॅमेरा

मजकुरावरून व्हिडिओ तयार करणाऱ्या एका प्रणालीसाठी प्रॉम्प्ट लिहून देणे हे माझे काम आहे. गोदामातील सुरक्षेवरच्या एका प्रशिक्षणपटासाठी मला एक साधा वाटणारा शॉट करायचा होता. एक कामगार सामानाने भरलेली हातगाडी ढकलत रॅकच्या रांगेतून चालत येतो, आडवा रस्ता लागण्यापूर्वी जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीपाशी थांबतो, आणि कॅमेरा मात्र त्याच संथ वेगाने पुढे जात राहून तो आडवा रस्ता प्रेक्षकांना दाखवतो. एकूण लांबी सुमारे पाच सेकंदांची होती. दिग्दर्शकाने संहितेत हा शॉट एकाच वाक्यात बांधला होता आणि तेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे प्रणालीला दिले गेले होते:

```
A man with a trolley moves right with the camera, slowly,
then stops as it keeps moving to show the crossing.
```

त्यातून तयार झालेली क्लिप पहिल्या पाहण्यात सुबक वाटली. प्रकाश नैसर्गिक होता, खोक्यांवरच्या चिकटपट्ट्यांच्या कडासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ती दोनदा पाहिली आणि विचारले, "हा माणूस पट्टीपाशी नक्की थांबला आहे, की पुढे जातो आहे?" पटाचा सगळा धडा पट्टीपाशी थांबण्याचाच असल्यामुळे याहून अडचणीचा प्रश्न दुसरा नव्हता.

क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली, तेव्हा घोळ कुठे झाला ते दिसले. शेवटच्या दोन सेकंदांत कामगाराची पावले थांबलेली होती आणि गाडीची चाकेही फिरत नव्हती, पण त्याच्यामागचे रॅकचे खांब डावीकडे जात होते आणि तो स्वतः फ्रेमच्या मधोमध तसाच उभा होता. त्याच्या बुटाची टाच ज्या फरशीच्या सांध्यावर टेकली होती, तो सांधा पुढच्या काही फ्रेममध्ये बुटाखालून निसटून मागे गेला होता. सरकत्या पट्ट्यावर उभा असल्यासारखा तो कॅमेऱ्याबरोबर ओढला जात होता. पहिल्या भागातही गडबड होतीच, परंतु चालणारी पावले तिला झाकत होती.

ती मोजून पाहण्याची माझी पद्धत साधी आहे. ओझे ढकलणारा माणूस सेकंदाला सुमारे एक मीटर चालतो आणि त्याचे एक पाऊल साधारण साठ सेंटिमीटरांचे असते असे धरले, तर एका खांबापासून अडीच मीटर अंतरावरच्या पुढच्या खांबापर्यंत जायला त्याला सुमारे चार पावले लागतात. वीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे त्रेसष्ट सेंटिमीटर असतो, म्हणजे प्रत्येक पावलामागे चाकाचा साधारण एक फेरा झाला पाहिजे. कॅमेरा त्याच्या बरोबरीने समांतर जात असेल, तर फ्रेमच्या उभ्या मध्यरेषेवरून जाणारे खांब कॅमेऱ्याची वाटचाल सांगतात आणि पावले व चाके माणसाची. या क्लिपमध्ये तो चार पावले चालेपर्यंत तीन खांब निघून गेले होते आणि चाक जेमतेम दोनदा फिरले होते. पाय, चाक आणि पार्श्वभूमी या तिघांनी तीन वेगवेगळे वेग सांगितले होते.

बरोबरीने चालणाऱ्या कॅमेऱ्यात ही अडचण मुळातच आहे. माणूस आणि कॅमेरा एकाच वेगाने जातात तेव्हा फ्रेममधल्या माणसाच्या जागेत काहीच बदल होत नाही, त्याची चाल आणि कॅमेऱ्याची चाल एकमेकींना खाऊन टाकतात. चालण्याचा पुरावा उरतो तो फक्त पावलांत, चाकांत आणि मागे जाणाऱ्या खांबांत. व्हिडिओ प्रणाली ज्या क्लिपा आणि वर्णने पाहून शिकलेली असते, त्यांत पडद्यावर काय हलले एवढेच दिसते. ते कोणाच्या हालचालीमुळे हलले हे वर्णनात क्वचितच वेगळे काढून लिहिलेले असते. त्यामुळे "उजवीकडे जातो" हे शब्द माणसालाही लागू पडतात आणि कॅमेऱ्यालाही, आणि दोघांनाही अर्धेअर्धे लागू करणे हा प्रणालीचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

वरचे वाक्य या नजरेने वाचले की त्यातली प्रत्येक खाच दिसू लागते. संथपणा कोणाचा, माणसाचा की कॅमेऱ्याचा, हे सांगितलेले नाही. "with the camera" मुळे माणसाची चाल जमिनीऐवजी कॅमेऱ्याला बांधली गेली आहे, त्यामुळे कॅमेरा पुढे गेला की माणूसही ओढला जाणार, आणि क्लिपमध्ये नेमके तेच घडले होते. "it" म्हणजे कॅमेरा की गाडी, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. शिवाय "trolley" हा शब्द चित्रीकरणात कॅमेरा ज्या गाडीवर ठेवून सरकवतात तिच्यासाठीही सर्रास वापरला जातो. संहिता वाचणारा माणूस संदर्भाने ते समजून घेतो, पण प्रॉम्प्टमध्ये तो शब्द ठेवण्याची जोखीम मी घेत नाही.

मी आधी दोन्ही हालचाली एकमेकींपासून तोडल्या. सीड, म्हणजे प्रणाली ज्या यादृच्छिक आकड्यापासून क्लिप घडवायला सुरुवात करते तो आकडा, तोच ठेवून पहिल्या क्लिपमध्ये कॅमेरा तिवईवर स्थिर आणि माणूस चालत येऊन थांबतो, एवढेच मागितले. दुसऱ्या क्लिपमध्ये माणूस पट्टीपाशी उभा आणि फक्त कॅमेरा रॅकला समांतर जातो, एवढे मागितले. पहिल्या क्लिपमध्ये पावले, चाके आणि खांब यांचा हिशेब जुळला. दुसऱ्यात मात्र कॅमेरा सरकण्याऐवजी जागच्या जागी वळत होता. ते ओळखणे कठीण नसते: कॅमेरा खरोखर पुढे गेला तर जवळचा खांब भराभर मागे पडतो आणि लांबची भिंत हळू सरकते, कॅमेरा नुसता वळला, म्हणजे पॅन झाला, तर जवळचे आणि लांबचे सारे एकदम एकाच तालात सरकते. येथे खांब आणि भिंत जोडीने सरकत होते. "उजवीकडे" हा नुसता दिशावाचक शब्द काढून "शेल्फांना समांतर, जमिनीवरून पुढे जातो" अशा अर्थाचे शब्द घातले, तेव्हा खांब भिंतीच्या पुढे धावू लागले.

मग दोन्ही हालचाली एकत्र आणल्या. माणसाचे वाक्य वेगळे आणि कॅमेऱ्याचे वेगळे ठेवले. दोघांचीही चाल जमिनीच्या संदर्भात सांगितली, एकमेकांच्या संदर्भात नाही, आणि सर्वनामे टाळली. "कॅमेरा थांबत नाही" असे नकारार्थी लिहिणेही टाळले, कारण नकार बहुधा हरवतो आणि थांबण्याचा शब्द तेवढा उरतो. त्याऐवजी तो त्याच वेगाने पुढे जातो असे लिहिले. तिसरे वाक्य फ्रेममध्ये अखेरीस काय दिसेल याचे होते. त्याच्या पहिल्या मसुद्यात माणूस डाव्या कडेकडे सरकत जातो असे होते आणि भूमितीच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण कॅमेरा उजवीकडे गेला की थांबलेली प्रत्येक वस्तू फ्रेममध्ये डावीकडे जाते. पण प्रणालीने "सरकतो" हे क्रियापद माणसाच्या खात्यात टाकले आणि तो गाडीसकट पाय न हलवता मागे घसरू लागला. तेव्हा त्या वाक्यातून हालचालीचे क्रियापदच काढले आणि शेवटच्या फ्रेममधल्या जागा तेवढ्या सांगितल्या:

```
A worker pushes a loaded hand cart along the aisle at walking
pace, stops at the yellow floor line and stays there.
The camera travels beside the aisle, parallel to the shelves,
at one steady speed from the first frame to the last.
Final frame: the worker at the far left edge, the empty
crossing filling the right half.
```

या मजकुरातून आलेल्या क्लिपांपैकी काहींत टाच फरशीच्या सांध्यावर पक्की राहिली, माणूस डाव्या कडेला गेला आणि आडवा रस्ता उजवीकडून उघडला. पण सर्वच क्लिपांत तसे झाले नाही. बऱ्याच वेळा माणूस थांबला की कॅमेराही मंदावत असे. पाच सेकंदांच्या मध्यावर एकाची चाल बदलायची आणि दुसऱ्याची तशीच ठेवायची, ही मागणी शब्द कितीही वेगळे केले तरी या प्रणालीला पूर्णपणे पेलत नाही, असे माझे मत झाले आहे. शब्दांनी गोंधळाचे कारण दूर होते, प्रणालीच्या सवयी बदलत नाहीत.

सुरक्षा अधिकाऱ्यांना दर वेळी खात्रीने तोच परिणाम हवा होता, कारण याच धर्तीचे आणखी शॉट पुढे लागणार होते. म्हणून मी शॉट दोन तुकड्यांत करण्याचा आग्रह धरला. पहिल्या तुकड्यात कॅमेरा स्थिर. कामगार डावीकडून फ्रेममध्ये येतो आणि पट्टीपाशी थांबतो. त्याची शेवटची फ्रेम हेच दुसऱ्या तुकड्याचे आरंभचित्र, आणि तिथे फक्त कॅमेरा पुढे निघतो. चित्रापासून सुरुवात केल्यावर माणूस, गाडी आणि रॅक यांचे वर्णन पुन्हा करावे लागत नाही, त्यामुळे मजकुरात एकच हालचाल उरते आणि ती दुसऱ्या कशाला चिकटण्याची शक्यता कमी होते. दिग्दर्शकाला आरंभापासून चालणारा कॅमेरा अधिक आवडला असता, आणि त्यात तथ्य होते, कारण त्यामुळे प्रेक्षक कामगाराबरोबर चालत येतो. पण कॅमेरा स्थिर असताना माणूस थांबला, हे पाहणाऱ्याला कोणतीही शंका न येता कळते, आणि कॅमेरा शून्य वेगापासून हळूच निघाल्यामुळे जोडही उघडा पडत नाही.

दुसऱ्या तुकड्यात एक नवीनच गोष्ट निघाली. माणूस पूर्ण स्थिर उभा आहे असे लिहिले, तर तो पुठ्ठ्यातून कापून ठेवलेल्या आकृतीसारखा दिसे. कॅमेरा पुढे गेल्यावर त्याच्या खांद्याची बाजू दिसायला हवी होती, पण पहिल्या चित्रातला चेहरामोहराच तसाच सपाट सरकत राही. थोडी हालचाल द्यावी म्हणून तो अंगाचा भार बदलतो असे लिहिले, तर पाऊल उचलले जाई आणि पट्टी ओलांडली जाई. शेवटी त्याची हालचाल कमरेच्या वर बांधून टाकली: दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर, श्वासाने छाती हलते, तो मान वळवून आडव्या रस्त्याकडे पाहतो, आणि दोन्ही बूट पट्टीच्या मागे जमिनीवर टेकलेले राहतात. मान वळवण्याची दिशाही "उजवीकडे" न लिहिता "आडव्या रस्त्याकडे" लिहिली, कारण त्याची उजवी बाजू आणि पडद्याची उजवी बाजू एकच असेल असे नाही. त्या क्लिपमध्ये कॅमेरा फूटभर पुढे जाताच त्याच्या कानामागचा रॅकचा खांब कानाआडून बाहेर आला, बूट जागचे हलले नाहीत, आणि अधिकाऱ्यांनी ती क्लिप एकदाच पाहून मान्य केली.