मॉडरेशनमध्ये अर्ध्यावर आलेलं उत्तर

मे महिन्यात रत्नागिरीत पेपर तपासायला बसणं काय असतं ते घाटावरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पंखे फुल, खिडक्या सताड उघड्या, आणि तरी कोपर टेकलं की उत्तरपत्रिकेचं पान हाताला चिकटून वर येतं. बाकी पद्धत साधी आहे, नावं झाकलेला गठ्ठा येतो, सोबत मॉडेल आन्सर येतं, आपण मुद्दे बघून गुण टाकायचे आणि नंतर मॉडरेटर त्यातले काही पेपर हिरव्या पेनाने परत बघतात.

प्रश्न १० गुणांचा होता: हिम-अल्बेडो फीडबॅक स्पष्ट करा आणि हवामानातले इतर पॉझिटिव्ह व निगेटिव्ह फीडबॅक सोदाहरण लिहा. अल्बेडो म्हणजे पडलेल्या उन्हातलं किती परत फेकलं जातं ते प्रमाण, आणि फीडबॅक म्हणजे बदलाचा परिणाम परत त्याच बदलावर होणं, पॉझिटिव्ह असेल तर बदल वाढतो, निगेटिव्ह असेल तर आवरला जातो. एका उत्तराला मी ८ दिले होते. मॉडरेशनहून ते ४ होऊन आलं. ते उत्तर अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहायला बसले.

आधी मॉडेल आन्सरमध्ये काय होतं ते सांगते, कारण भांडण तिथलंच आहे. तापमान वाढतं, बर्फ वितळतो, खालचं काळं पाणी उघडं पडतं, पाणी जास्त ऊन शोषतं, तापमान आणखी वाढतं, "आणि हे चक्र अखंड चालू राहते". पाच पायऱ्या, पाच गुण. पहिल्या चार पायऱ्यांबद्दल काही म्हणणं नाही. ताज्या बर्फावर १०० भाग ऊन पडलं तर ८० ते ८५ भाग परत जातं, बर्फावरचा भुसभुशीत थर वितळून नुसता समुद्रबर्फ उरला की ५०-६० वर येतं, आणि समुद्राचं पाणी उघडं पडलं की १० सुद्धा परत जात नाही. ज्या जागेवर एवढा फरक पडतो तिथे फीडबॅक जोरदार असणारच. उलट्या दिशेलाही हाच चालतो, थंडी वाढली तर बर्फ पसरतो आणि आणखी थंडी वाढते, आणि हे मुलं लिहीत नाहीत कारण मॉडेल आन्सरमध्ये नसतं.

गडबड आहे त्या "अखंड चालू राहते" मध्ये.

या मुलाने (किंवा मुलीने, नाव झाकलेलं) चार पायऱ्या लिहिल्या आणि पाचवीच्या जागी सरळ गणित मांडलं. समजा सुरुवातीला १ अंश वाढ झाली. बर्फ कमी झाल्यामुळे त्यावर साधारण ०.१ अंश आणखी वाढेल. त्या ०.१ मुळे ०.०१ वाढेल. त्यामुळे ०.००१. बेरीज १.११ वर थांबते. खाली एक वाक्य: "फीडबॅक पॉझिटिव्ह आहे म्हणजे वाढ मोठी होते, अमर्याद होत नाही, कारण तापलेली पृथ्वी जास्त उष्णता अवकाशात टाकते." बीए-बीएस्सीच्या पेपरात असं वाक्य मी फार क्वचित बघितलंय. कुठल्या कॉलेजचं पोरगं आहे माहीत नाही पण कोणीतरी नीट शिकवलंय किंवा त्याने स्वतः डोकं चालवलंय.

हे ०.१ हवेतून आलेलं नाही. कुठलीही वस्तू तापली की तिचं उत्सर्जन केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे पृथ्वी १ अंश तापली की दर चौरस मीटरमागे सुमारे ३.२ वॅट जास्त बाहेर फेकते. याला प्लँक फीडबॅक म्हणतात आणि हा सगळ्यात मोठा निगेटिव्ह फीडबॅक आहे, बाकी सगळे याच्याशी झुंजतात. बर्फ कमी झाल्याने जगाच्या सरासरीत परत येतात ते दर अंशामागे साधारण ०.३५ वॅट. ०.३५ भागिले ३.२ केलं की जवळपास ०.१. मॉडेल आन्सरमध्ये निगेटिव्हच्या खाली "ढग" आणि "वनस्पतींची वाढ" एवढंच होतं, प्लँक नाहीच. ज्याच्यामुळे पृथ्वी स्थिर राहते तोच यादीत नाही, मग चक्र अखंड चालल्यासारखं वाटणारच ना.

मॉडरेटर सरांकडे गेले. सर माझ्याहून बरेच सीनियर, माणूस म्हणून चांगले, प्रामाणिक, पण मॉडेल आन्सर त्यांनीच काढलेलं.

"मॅडम, पाचवा मुद्दा नाही लिहिलेला त्याने. उलट थांबतं म्हणतोय."

"सर, पण थांबतंच की."

"मग पॉझिटिव्ह कसला? पुस्तकात बघा, चेन रिअॅक्शन म्हटलंय."

पुस्तकात म्हटलंय हे खरं आहे, आमच्याकडची गाइडं एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि एकात आलेलं वाक्य पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतं. मी पाठकोऱ्या कागदावर त्यांना सगळे फीडबॅक एकत्र करून दाखवले. वाफेचा सगळ्यात मोठा. हवा १ अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते आणि वाफ स्वतःच हरितगृह वायू आहे, रत्नागिरीची मेमधली रात्र पहाटेपर्यंत गार होत नाही आणि सोलापूरची होते यात दमट हवेचा हात मोठा आहे. उंचीवर हवा जास्त तापते त्याचा निगेटिव्ह भाग वजा करून वाफेचा वाटा अंशामागे सुमारे १.३ वॅट. ढगांचा ०.४ च्या आसपास, बर्फाचा ०.३५. बेरीज दोनाच्या जरा वर, भागिले ३.२, म्हणजे ०.६ च्या आसपास. आता कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि एकही फीडबॅक नसता तर १.२ अंश वाढ झाली असती. दर फेरीत ०.६ परत येतात: १.२, मग ०.७२, मग ०.४३, मग ०.२६, प्रत्येक वेळी लहान लहान होत बेरीज ३ अंशांवर टेकते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालातला मधला अंदाज ३ अंशच आहे, शक्य पट्टा २.५ ते ४. पट्टा एवढा रुंद राहण्याचं मोठं कारण ढग, आणि त्यांचा एकूण वाटा पॉझिटिव्हकडे झुकतो, तेव्हा निगेटिव्हच्या यादीत नुसतं "ढग" लिहून गुण देणं मला पटत नाही.

सर कागद बघत राहिले. मग म्हणाले, "पण कधीच सुटत नाही असं तर नाही ना?"

प्रश्न योग्य होता आणि त्याचं उत्तर बर्फातच आहे. १९६९ मध्ये रशियात बुडिको आणि अमेरिकेत सेलर्स या दोघांनी स्वतंत्रपणे साधी ऊर्जा-ताळेबंदाची मॉडेलं मांडली आणि दोघांनाही दिसलं की बर्फ ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे एका हद्दीपलीकडे पसरला की ते ०.१ वाढत वाढत १ च्या पुढे जातं, कारण आता बर्फ जास्त उन्हाच्या आणि जास्त क्षेत्रफळाच्या पट्ट्यात आलेला असतो. १ च्या पुढे गेलं की बेरीज थांबत नाही आणि अख्खी पृथ्वी गोठते. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी असं घडल्याचे खडकांत पुरावे आहेत. म्हणजे "अखंड" हा शब्द तिथे लागू होतो, आजच्या आर्क्टिकला नाही, कारण आज उरलेला बर्फ थोडा आणि तिरप्या उन्हात आहे, आणि जसजसा तो संपेल तसतसा हा फीडबॅक दुबळा होत जाणार.

त्या गोठण्यातून पृथ्वी सुटली ती दुसऱ्या एका निगेटिव्ह फीडबॅकमुळे आणि तो आमच्या पायाखाली आहे. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बसाल्टसारख्या खडकाची झीज करतो आणि स्वतः समुद्रात जाऊन चुनखडक होतो. ऊब आणि पाऊस जास्त तर झीज जास्त, वायू कमी, पृथ्वी थंड. गोठलेल्या पृथ्वीवर ही झीज जवळपास बंद पडली, ज्वालामुखींचा वायू मात्र साठत राहिला आणि शेवटी बर्फ सुटला. आमचा जांभा म्हणजे अशाच झिजेने पार धुऊन निघालेला दख्खनचा बसाल्ट. कोकणातल्या पोराला निगेटिव्ह फीडबॅकचं उदाहरण द्यायचं तर कातळ दाखवा ना, फक्त हे लाखो वर्षांच्या वेगाने चालतं हेही सांगा, नाहीतर ती लिहून येतात की काळजीचं कारण नाही.

आता या सगळ्यात जे मला जास्त टोचतंय ते. मी त्या उत्तराचे २ गुण कापले होते, एक आकृतीला नावं नव्हती म्हणून आणि दुसरा शेवटच्या ओळीसाठी. ओळ अशी: "त्यामुळे आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात तापमानवाढ सर्वात जास्त होते." तर्काने बरोबर वाटतं, ऊन उन्हाळ्यात असतं, हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही म्हणजे अल्बेडो किती का असेना फरक शून्य. पण नोंदी उलट सांगतात. तिथली वाढ शरद-हिवाळ्यात सर्वात जास्त आणि उन्हाळ्यात सर्वात कमी आहे. जून-जुलैत शोषलेलं जास्तीचं ऊन बर्फ वितळवण्यात आणि पाणी तापवण्यात जातं, वितळता बर्फ आहे तोवर वरची हवा शून्याच्या आसपास अडकून राहते. सप्टेंबरपर्यंत समुद्र ती उष्णता साठवतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हवा उणे वीसकडे निघालेली असताना, उघड्या पाण्यातून ती वर येते. पाणी उशिरा गोठतं, बर्फ पातळ बनतो आणि पातळ बर्फातून उष्णता आणखी निसटते. शिवाय तिथे हिवाळ्यात थंड जड हवेचा थर जमिनीलगत बसतो, त्यामुळे ऊब वर न जाता खालीच राहते.

सरांनी याच ओळीवर हिरवी बरोबरची खूण करून माझा कापलेला गुण परत दिला होता. खरी ओळ कापली आणि चुकीची धरली, आणि दोन्ही वेळा मॉडेल आन्सरला धरूनच, कारण त्यातही "विशेषतः उन्हाळ्यात" असं आहे.

चहा आला, वीज गेली, परत आली. सरांनी शेवटी गणिताचे ३ गुण परत दिले, उत्तर ७ वर गेलं. उन्हाळ्याच्या ओळीची खूण ते काढायला तयार नव्हते, "मुलाचं नुकसान कशाला करताय मॅडम" म्हणाले, आणि मला तिथे पुढे बोलवेना. पण मग ज्या पोरांनी "अखंड चालू राहते" लिहून पूर्ण ५ घेतले त्या सगळ्या गठ्ठ्याचं काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही, कारण ती पोरं जे शिकवलं तेच लिहून गेलीत.

मॉडेल आन्सरसाठी तीन दुरुस्त्या लिहून अध्यक्षांकडे दिल्यात: निगेटिव्हमध्ये प्लँक पहिला घ्या, "अखंड" काढून वाढ कुठे थांबते ते लिहा, आणि उन्हाळ्यात शोषण, हिवाळ्यात तापमानवाढ असे दोन वेगळे मुद्दे करा. पोच मिळाली आहे.