उकडीत दोन चमचे साबुदाण्याची पिठी

“तुम्ही मोदकाच्या उकडीत साबुदाणा घालता म्हणे! किती घालता, आणि मोदक चिवट नाही का होत?”

दोन वाट्या तांदळाच्या पिठीला सपाट दोन पोह्याचे चमचे, एवढ्या प्रमाणात होत नाहीत. साबुदाणा कोरडाच, रंग न बदलता किंचित भाजून मिक्सरमध्ये दळावा आणि मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावा, कारण राहिलेली कणी पारी वळताना बोटांना लागते आणि नेमकी तिथेच चीर पडते.

आमचा गणपती गिरगावात थोरल्या दिरांकडे असतो आणि मोदक बोरिवलीत माझ्या घरी होतात. सकाळी अकराला उकडलेले मोदक संध्याकाळच्या आरतीपर्यंत कडक होत, कळ्यांच्या कडा तडकत. शिजलेल्या तांदळातला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट होऊ लागतो. साबुदाण्याचा स्टार्च त्या मानाने सावकाश घट्ट होतो, एवढाच या बदलामागचा विचार आहे.

खात्री करण्यासाठी मी एकाच पाकिटातल्या पिठीच्या दोन उकडी एकाच दिवशी काढल्या. पहिलीत दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी, चमचाभर तूप आणि मीठ होते. दुसरीत साबुदाण्याची पिठी तांदळाच्या पिठीत आधीच नीट मिसळून घेतली आणि ती पाणी ओढून घेते म्हणून पाणी दोन चमचे वाढवले. दोन्ही उकडी झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफवल्या, दहा मिनिटे मुरू दिल्या आणि गरम असतानाच मळल्या. मळल्यावर लहान गोळी चेपून पाहिली, तेव्हा पहिलीच्या कडेला बारीक भेगा दिसल्या आणि दुसरीची कड गुळगुळीत राहिली. दुसऱ्या उकडीची पारी कडेला इतकी पातळ झाली की अकरा कळ्या सहज पडल्या. एरवी माझी मजल नवाच्या पुढे जात नाही. संध्याकाळी सातला पहिले मोदक दाबल्यावर तडकले, दुसरे मात्र बोटाने दबत होते आणि सारण कुठेही बाहेर आले नव्हते.

पुढच्या वेळी मी उत्साहाने पाच चमचे पिठी घातली, तेव्हा तुम्हाला वाटणारी भीती खरी ठरली. मोदक काचेसारखे अर्धपारदर्शक दिसू लागले, वाफेत त्यांच्या कळ्या बसल्या आणि घास दाताला चिकटू लागला. मोदकपात्र उघडल्यावर कळ्यांची धार बोथट दिसली, तर साबुदाणा जास्त झाला असे खुशाल समजावे.

घरी धुऊन, वाळवून दळलेली आंबेमोहराची ताजी पिठी असेल आणि मोदक गरम पानात वाढायचे असतील, तर मी साबुदाणा घालत नाही, कारण त्याने तांदळाचा वास थोडा मंदावतो. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करायच्या असतील, तर तेवढी उकडही बिनसाबुदाण्याची वेगळी काढते. मिरची-जिरे घातलेली निवगरी जरा खरबरीतच हवी, आणि साबुदाण्याच्या उकडीची ती गुळगुळीत, रबरासारखी झाली होती.