गोफाची नोंद: फोटो गेला, म्हणून शिक्का शब्दांत

मंडळी, मावशीच्या गोफाचा फोटो टाकतो म्हटलं होतं, पण तो आता नाहीये. जुना मोबाईल बंद पडला आणि त्यातलं काहीच परत मिळालं नाही, गोफ परत कोथरूडच्या बँकेच्या लॉकरमध्ये गेलाय, आणि मावशी फक्त फोटोसाठी लॉकर उघडणार नाही, बरोबरच आहे तिचं. पण गोफ हातात होता तेव्हा भिंगाखाली बघून वहीत सगळं लिहून ठेवलेलं, तेच इथे मांडतो. प्रश्न तोच, शिक्का ९१६चा आहे पण तो शिक्का नक्की कशाकशाची खात्री देतो?

आधी शिक्का कुठे आहे ते, कारण माझ्या मते सगळ्यात आधी हेच सांगायला हवं आणि बहुतेक जण नेमकं हेच सांगत नाहीत. "९१६ आहे" एवढंच कळवतात. या गोफाच्या एका टोकाला चपटी पट्टी डाग लावून जोडलीय, तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, आणि शिक्का त्या पट्टीवर आहे. विणीवर कुठेही काही नाही. दुसऱ्या टोकाला साधी कडी, आणि दोन्ही जोडणारा एस आकाराचा हूक, तो सुटा निघतो. हुकावर दोन्ही बाजूंनी काहीच नाही.

दहापटीच्या भिंगातून पट्टी डावीकडून वाचली तर पहिला त्रिकोण, आत ठिपका, म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेची खूण. मग 916, त्याच्या आधी 22K नाही. मग एक बारीक चिन्ह, गोलात दोन तिरक्या रेघा, तपासणी केंद्राचं असणार. त्यानंतर एकटं उभं J. शेवटी सराफाची दोन अक्षरं, त्यातलं दुसरं अर्धं झिजलेलं. अक्षरं ठोकलेली आहेत, कडेला धातू किंचित वर आलाय आणि पट्टीच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की हलका उठाव लागतो. लेझरच्या शिक्क्यात असा उठाव नसतो, तिथे रेघ बारीक, एकसारखी आणि जराशी काळपट दिसते.

आता यातून काय निघतं बघा. नुसतं 916 म्हणजे २०१७ च्या आधीचा शिक्का, कारण जानेवारी २०१७ पासून 22K916 असं कॅरेटसकट यायला लागलं आणि वर्षाचं अक्षर गेलं. त्याआधी वर्षासाठी एक अक्षर असायचं, A म्हणजे २०००, आणि J म्हणजे २००८. मावशी म्हणते गोफ मावसभावाच्या मुंजीत केलेला, आणि मुंज २००८ च्या मे महिन्यातली, म्हणजे जुळतंय. पाची खुणा आपल्या जागेवर, आपल्या क्रमाने आहेत, म्हणून पट्टीबद्दल मला शंका नाही. नुसतं "916 KDM" असतं आणि त्रिकोणच नसता तर मी तो शिक्का हॉलमार्क म्हणून धरलाच नसता, केडीएम हा डागाचा प्रकार झाला, शुद्धतेची सरकारी खूण नाही.

हाच गोफ जुलै २०२१ नंतरचा असता तर काम सोपं होतं. तेव्हापासून त्रिकोण, 22K916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतःचा नंबर, एवढंच असतं, आणि तो BIS Care ॲपमध्ये टाकला की सराफ, केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हा प्रकार जरूर वाचा. ॲप अंगठी म्हणतंय आणि तुमच्या हातात चेन आहे, तर नंबर दुसरीकडून उचललेला असू शकतो. आणि असा नंबर शब्दांत कळवताना शून्य की ओ, आठ की बी, पाच की एस, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहा, एक अक्षर चुकलं की वेगळाच दागिना निघेल नाहीतर काहीच निघणार नाही.

जुन्या शिक्क्याला ॲपची सोय नाही, म्हणून वजनावर गेलो. हूक काढून गोफ भरला ११.२२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य केलं आणि गोफ दोऱ्याने पाण्यात असा सोडला की पूर्ण बुडेल पण तळाला नि कडेला टेकणार नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवतो तेवढं पाणी दागिन्याने बाजूला सारलं. पहिला आकडा ०.७१, म्हणजे घनता १५.८, म्हणजे सरळ १८ कॅरेटच्या आसपासचा आकडा! पण गोफाच्या विणीत हवा अडकते, आणि भिंगातून बघितलं तर पेडांच्या मध्ये बुडबुडे चक्क दिसत होते. उकळून गार केलेलं पाणी घेतलं, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, गोफ आत घालून हळू हलवला, बुडबुडे सुटले, आणि आकडा ०.६४ वर येऊन थांबला. ११.२२ भागिले ०.६४ म्हणजे १७.५. बावीस कॅरेट साधारण १७.७ च्या आसपास बसतं.

पण इथे हुरळून जाऊ नका. माझा काटा ०.०१ ग्रॅमचा आहे, ०.६३ धरलं तर १७.८ आणि ०.६५ धरलं तर १७.३. म्हणजे १८ कॅरेट नाही हे नक्की, पण एकवीस की बावीस हे या काट्यावर ठरत नाही. आणि पोकळ दागिन्याला किंवा बोरमाळेसारख्या लाख भरलेल्या मण्यांना ही रीत लागूच पडत नाही.

राहिला हूक. तो गोफापेक्षा तांबूस दिसतो, दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवला की लगेच कळतं, ट्यूबखाली नाही कळत. त्याचं वजन ०.४२ ग्रॅम, पाण्यात फरक पडणार दोन-तीन शतांश, त्यातून काहीच सांगता येत नाही. म्हणून लॉकरमध्ये जायच्या आधी रविवार पेठेत टंच काढायला नेलं, एक्सआरएफ मशीनवर. तिथल्या काकांना सांगितलं की पट्टी, विणीचा मधला भाग, डागाची जागा आणि हूक असं वेगवेगळं लावा, नाहीतर ते एकदाच लावून आकडा देतात. सोन्याचे टक्के असे आले, पट्टी ९१.७, वीण ९१.६, डागाजवळ ८८ च्या पुढे, हूक ८३.९. मशीन वरचा थरच वाचतं, त्यामुळे मुलामा असेल तर फसवतं, पण इथे विणीचा आकडा आणि पाण्यातली घनता एकमेकांना धरून आहेत, म्हणून गोफाचं अंग बावीसच आहे असं मी म्हणतोय. डागाजवळ थोडं कमी येणं नेहमीचंच.

हूक नंतर बदललेला आहे. मावशीला विचारलं तर आठवलं, मधे एकदा हूक तुटला होता आणि गल्लीतल्या सोनाराकडून बसवून घेतला, पावती वगैरे नाही. गोफ मोडीत द्यायची वेळ आली तर हूक काढून वेगळा वजन करायला सांग असं तिला सांगून ठेवलंय, कारण सगळ्याचा एकत्र टंच काढला तर हुकापायी अख्ख्या गोफावर घट लावतील.

एक गोष्ट अजून अडलीय. सराफाचं दुसरं अक्षर P आहे की R? उभी रेघ आणि वरचा गोल स्पष्ट आहे, खालची तिरकी रेघ झिजलीय की नव्हतीच, ते सांगता येत नाही. दिवाळीत मावशी लॉकर उघडेल तेव्हा पट्टीवर बाजूने तिरका टॉर्च मारून बघणार आहे, आणि या वेळी बघताबघताच कागदावर चित्र काढून घेणार. कोणाकडे २००८ च्या सुमाराचा, पुण्यातल्या सराफाचा असा दोन अक्षरी शिक्का असेल तर कळवा, आणि शिक्का दागिन्यावर नेमका कुठे आहे तेही लिहा.