दोघांपुरतं

धाकटी शिकायला नागपूरला गेली आणि आमच्या नाशिकच्या घरात पहिली कुरकुर केली ती सायीने. ती होती तोवर रोज दीड लिटर दूध यायचं. आठवडाभरात सायीचं भांडं भरायचं, रविवारी ताक घुसळून लोणी निघायचं आणि संध्याकाळी घरभर तुपाचा वास. आता अर्धा लिटर येतं, त्यातलं बरंचसं चहातच जातं. भांडं भरेपर्यंत आधीची साय कडवट व्हायला लागली. मग पहिल्या दिवशीच्या सायीलाच चमचाभर दही लावून ठेवायचं आणि रोजची साय त्यात ढवळत राहायची, असं सुरू केलं. विरजण लागलेली साय फ्रीजमध्ये निवांत टिकते. तूप मात्र आता सणासुदीसारखं कधीतरीच कढतं.

कुकरचंही तेच. वाटीभर भाताला पाच लिटरचा कुकर चढवला, तरी वाफ धरायला तो आपला पूर्वीइतकाच वेळ घेणार. दोन लिटरचा आणला. मोठा माळ्यावर टाकू म्हटलं, तर नवरा म्हणाला, दिवाळीत लागेल. भेंडी तो अजूनही अर्धा किलोच आणतो. भाजीवालीकडे पावशेर मागायला त्याला लाज वाटते म्हणे.

हे सगळं जमून जातं. बोलण्याचं जमायला वेळ लागला. "बाबांना विचार, किती पोळ्या?" "आईला सांग, मला उशीर होईल." एकाच घरात राहून आमचं निम्मं बोलणं तिच्यामार्फत चालायचं, हे ती गेल्यावर कळलं. आता ती फोन मला करते आणि ठेवला रे ठेवला की हा विचारतो, "काय म्हणाली?" मेसची आमटी, रूममेटचं घोरणं, सबमिशन, सगळं मी पुन्हा सांगायचं. म्हणजे निरोप्याची नोकरी आता माझ्याकडे आली. कंटाळून फोन स्पीकरवर ठेवला, तर याचं एकच वाक्य, "पैसे आहेत ना?"

"आज काय करू?" याला त्याचं वर्षानुवर्षांचं उत्तर "काहीही." पुढचं लेकच ठरवायची, आणि त्यात पनीर असायचंच. परवा त्याच प्रश्नाला पटकन म्हणाला, "कारलं कर." पनीर त्याला कधीच विशेष आवडलं नव्हतं, हेही तेव्हाच सांगितलं. कारल्याच्या नुसत्या वासाने लेक नाक मुरडायची, त्यामुळे घरात ते येतच नव्हतं. मीही विसरले होते की मला ते आवडतं.

पण त्याला हवी आईच्या हातची चिंचगुळाची रसभाजी, आणि मला कुरकुरीत काचऱ्या. पावशेरात येतात जेमतेम तीन कारली, त्यांच्या दोन तऱ्हा कुठे करायच्या? म्हणून पाळ्या लावल्यात. या आठवड्यात त्याची पाळी आहे, आणि गुळाचा हात सढळ ठेव, असं सकाळपासून दोनदा सांगून झालंय.