तक्रार ‘बंद’ झाली, काम तसंच : आयकराच्या तक्रारीचा माझा अनुभव

‘आपण आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.’ माझ्या तक्रारीला हे एका ओळीचं उत्तर आलं आणि पुढे Case closed असा शिक्का. तक्रारच मुळी त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज पडून असल्याची होती! आजही ती ओळ आठवली की डोकं तापतं.

प्रकरण साधं होतं. 2021-22 या कर निर्धारण वर्षात माझ्या मालकाने टीडीएसच्या विवरणात पॅनचं एक अक्षर चुकवलं. त्यामुळे कापलेल्या कराचं श्रेय मला मिळालं नाही आणि 41,280 रुपयांची मागणी निघाली. मालकाने विवरण दुरुस्त केलं, कापलेल्या कराची नोंद असते त्या फॉर्म 26AS मध्ये रक्कमही दिसू लागली. पण दुरुस्तीचे अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे गेलेले, म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये आयकर कायद्याच्या कलम 154 खाली तिथे दुरुस्तीचा अर्ज दिला. पोच घेतली. ती पोच जपून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहतं. मधल्या काळात पुढच्या वर्षाचा 19,350 रुपयांचा परतावा कलम 245 खाली या मागणीत वळताही झाला.

कलम 154(8) प्रमाणे करदात्याचा असा अर्ज ज्या महिन्यात मिळाला, तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायचा असतो. म्हणजे माझी मुदत 28 फेब्रुवारी 2025 ला संपली. मार्चमध्ये pgportal.gov.in वर, म्हणजे CPGRAMS या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार टाकली. 2024 च्या ऑगस्टमधल्या सूचनांनुसार तिथे साधारण 21 दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. उत्तर आलं, ते वर दिलेलं.

लोक इथेच सोडून देतात किंवा नवी तक्रार टाकतात. नवी तक्रार टाकू नका. ती पुन्हा त्याच टेबलावर जाते आणि पुन्हा तीच ओळ येते. तक्रार बंद झाल्यावर आधी अभिप्राय द्यायचा असतो. तो असमाधानाचा दिला की अपिलाचा पर्याय मिळतो. बंद झाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं आणि ते वरच्या अधिकाऱ्यासमोर जातं.

अपिलात काय लिहायचं यावर आमच्या सीएंशी माझा वादच झाला. मला टीडीएसचा सगळा इतिहास मांडायचा होता. ते म्हणाले, “अहो, कर चुकीचा आहे हे इथे कुणी ठरवणार नाही. मुदत उलटली एवढंच लिहा.” त्यांचं पटलं. मी लिहिलं ते इतकंच : ‘कलम 154 चा अर्ज सोबतच्या पोचेच्या तारखेला दिला. 154(8) ची मुदत 28 फेब्रुवारी 2025 ला संपली. आदेश झालेला नाही. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे तिथेच जा, असं उत्तर देऊन ती बंद केली आहे. अर्जावर आदेश व्हावा.’ सोबत पोच, 26AS चं ते पान आणि बंद करतानाचं उत्तर, एका पीडीएफमध्ये.

हे अपील आणि आयकर आयुक्तांकडचं अपील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 154 चा अर्ज फेटाळला गेला तर कायद्यातलं अपील आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत करावं लागतं. पोर्टलवर तक्रार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही.

स्थिती पाहायला View Status मध्ये नोंदणी क्रमांक, नोंदवलेला ईमेल किंवा मोबाइल आणि चित्रातला कोड लागतो. माझा क्रमांक CBODT ने सुरू होणारा होता. नुसतं Under process वाचून पान मिटू नका, खाली Officer Concerns To हा रकाना बघा. तक्रार सध्या कुणाकडे आहे ते तिथे कळतं. माझ्या अपिलानंतर तिथलं पद बदललं, तेव्हा कागद हलल्याची खात्री पटली. त्याच आठवड्यात कार्यालयातून फोन आला, 26AS ची प्रत मागितली, आणि 154 चा आदेश निघाला. मी ऑफिसातच टेबलावर थाप मारली!

पण आदेश निघाला म्हणजे मागणी पुसली असं नाही. आयकराच्या पोर्टलवर Response to Outstanding Demand उघडलं तर 21,930 रुपयांची उरलेली मागणी काही दिवस तशीच दिसत होती. ती जाईपर्यंत मी अपिलाचा अभिप्राय दिला नाही. वळता केलेला परतावा खात्यात आला तेव्हा कलम 244A चं व्याज, दरमहा अर्धा टक्का, स्वतः मोजून ताडून पाहिलं आणि मगच ‘समाधानी’ वर टिक केली.