बाहेर उणे सहा आणि खोलीत ओल

जानेवारीतली सकाळ होती. खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. बोट फिरवलं तर ओलसर काळपट डाग लागला. काचेवर आतून पाणी ओघळत होतं, कपाटामागून कुबट वास येत होता. खानापूरच्या पावसात वाढलेल्या मला बुरशी काही नवी नाही. पण आपल्याकडे ती आषाढात येते. इथे जर्मनीत, केम्निट्झमध्ये, बाहेर उणे सहा आणि कोरडी हवा असताना ती कुठून आली?

पहिली भीती अनामत रकमेची. तीन महिन्यांचं भाडं मालकीणबाईंकडे होतं. पण लपवावंसं वाटलं नाही. नव्या पत्त्याची नोंद पालिकेत दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्याला घरमालकाचा दाखला लागतो, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून दाखला हातात ठेवला होता.

खालच्या मजल्यावरून त्या एक छोटं आर्द्रतामापक घेऊन आल्या. आकडा ७४. "चाळीस ते साठच्या मध्ये हवा," म्हणाल्या आणि माझा दिनक्रम विचारू लागल्या. कपडे खोलीतच वाळत घालायचो. कुकर रोज लावायचो. हीटर ५ वर, म्हणजे खोली लवकर तापेल. खिडकी दिवसभर वरून किंचित कललेली.

चूक तिथेच होती. हीटरवरचा आकडा वेग ठरवत नाही, खोली किती तापवायची ते ठरवतो. ३ म्हणजे साधारण वीस अंश. गरम हवा वाफ धरून ठेवते आणि थंड भिंतीला टेकली की पाणी सोडते. कललेल्या खिडकीतून हवा नीट बदलत नाही, नुसती आजूबाजूची भिंत गार होते. म्हणून हीटर बंद करायचा, खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायची. सकाळ-संध्याकाळ, शिवाय स्वयंपाक आणि आंघोळीनंतर. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट आम्ही दोघांनी वीतभर पुढे ओढलं.

"एवढं करूनही डाग परत आला, तर भिंतीतच दोष असेल. मग मला लेखी कळव, दुरुस्ती माझी," त्या म्हणाल्या. डाग परत आला नाही. आठवड्यात आकडा ५२ वर आला.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, एवढ्या थंडीत खिडक्या कसल्या उघडतोस?" आपल्या घरी कौलांच्या फटींतून ओल आपोआप निघून जाते. इथली खिडकी लावली की वाराही आत येत नाही, त्यामुळे ते काम माणसालाच करावं लागतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या खोलीत निपाणीचा मुलगा राहायला आला. मालकीणबाईंनी मला हाक मारली, आर्द्रतामापक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "याला तुमच्या भाषेत सांग."

त्याचा हीटर ५ वर होता.