थर सहा इंचाचा, मग गाड्या किती? आमच्या रस्त्याच्या मुरुमाचा हिशेब

आमच्या वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतचा तुकडा चारशे मीटरचा आहे. शिरूर तालुक्यातली काळी जमीन, पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा जपून न्यावा लागतो. यंदा लोकवर्गणी काढून मुरूम टाकायचं ठरलं. रुंदी चार मीटर, आणि रोलर फिरून दबल्यावर थर १५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण सहा इंच. मी पुण्यात बांधकाम साइटवर नोकरी करतो, डिप्लोमा सिव्हिलचा. त्यामुळे हिशेबाचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

पहिला हिशेब आबांनी वहीत करून ठेवलेला होता आणि त्यात गणिताची चूक एकही नव्हती. ४०० गुणिले ४ गुणिले ०.१५, म्हणजे २४० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणून पंचाऐंशी ब्रास. सहाचाकी डंपरमध्ये अडीच ब्रास धरले तर चौतीस गाड्या. तितक्याच गाड्यांचे पैसे गोळा करायचं घाटत होतं. मुरूम देणारे शेठ मात्र म्हणत होते, "पन्नास लागतील, बघा." वस्तीवर सगळ्यांना वाटलं, शेठ गाड्या वाढवतायत.

दोघंही वेगवेगळ्या मुरुमाबद्दल बोलत होते. आबांचे २४० घनमीटर हे रस्त्यात दाबून बसलेल्या मुरुमाचे. शेठ बोलत होते गाडीतल्या सुट्या मुरुमाबद्दल. जेसीबीने खणून गाडीत ओतलेल्या मुरुमात खड्यांच्या मधे भरपूर पोकळी असते. पाणी मारून रोलर फिरवला की ती बरीचशी निघून जाते. मुरूम तोच, वजन तेच, जागा मात्र कमी. म्हणून गाड्या काढायच्या तर आधी विचारायचं, की सुटा किती घेतला म्हणजे एक घनमीटर दबलेला मिळेल?

बहुतेक ठिकाणी सरसकट तीस टक्के जादा धरतात. आमच्याकडेही शेवटी आकडा तिथेच आला, पण मुरूम किती कठीण, किती ओला, गाडीत कसा भरलाय, यावर तो बदलतो. मऊ मुरुमाचे खडे रोलरखाली फुटतात आणि तो आणखी दबतो. वर्गणी लोकांची होती, म्हणून अंदाजावर सोडायचं नाही असं ठरवलं.

सुरुवात गाडीपासून केली. टेप घेऊन डंपरच्या बॉडीत उतरलो आणि आतून मापं घेतली: लांबी बारा फूट, रुंदी सात, उंची तीन. सपाट भरली तर २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास, ७.१४ घनमीटर. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, आपली गाडी तीन ब्रासची आहे, सगळ्यांना माहितीये." तो शीग धरून बोलत होता. शीग मधे फूटभर उंच असली तरी कडेला शून्य होते. चारी बाजूंनी उतरती शीग म्हणजे लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराचा फक्त तिसरा हिस्सा, म्हणजे २८ घनफूट. पाव ब्रासहून जरा जास्त. तीन ब्रास तरीही होत नाहीत. शिवाय खाणीपासून वस्तीपर्यंत गचके खात येताना शीग बसते. म्हणून आम्ही नियम केला: माप खाणीवर घ्यायचं नाही, गाडी रिकामी करायच्या जागी घ्यायचं, वरून फावड्याने सपाट करून. हायवा असेल तर बॉडीत पुढे, ती उचलणाऱ्या जॅकसाठी सोडलेली जागाही वजा करावी लागते. आमच्या गाडीत ती नव्हती.

मग वजन. भरलेली गाडी नगर रस्त्यावरच्या काट्यावर नेली, आल्यावर रिकामी पुन्हा चढवली. निव्वळ मुरूम अकरा टन. ११ भागिले ७.१४, म्हणजे घनमीटरला १.५४ टन. पण यात ओलावा आहे, आणि पाण्याचं वजन धरून तुलना केली तर सगळं चुकतं. म्हणून दोन किलो मुरूम घेतला आणि चुलीवर लोखंडी कढईत उलथन्याने परतत राहिलो, वाफ निघायची थांबेपर्यंत. आई म्हणाली, आता एवढंच भाजायचं राहिलं होतं. उरला १,८८७ ग्रॅम. गेलेलं पाणी ११३ ग्रॅम. ११३ ला कोरड्या वजनाने भागायचं, ओल्या वजनाने नाही. सहा टक्के आले. १.५४ ला १.०६ ने भागलं की गाडीतल्या मुरुमाची कोरडी घनता मिळते १.४५.

दुसरी बाजू म्हणजे रस्त्यात तो किती दबायला हवा. त्यासाठी एक पोतं मुरूम पुण्यातल्या प्रयोगशाळेत प्रॉक्टर चाचणीला दिला, म्हणजे वेगवेगळ्या ओलाव्यावर ठोकून तो सगळ्यात जास्त किती दबतो ते बघायला. जास्तीत जास्त कोरडी घनता १.९३ आली आणि त्यासाठी लागणारा ओलावा ११ टक्के. रस्त्यावर याच्या ९८ टक्के गाठायचं ठरवलं, म्हणजे १.८९. आता १.८९ भागिले १.४५ केलं की १.३० येतात. एक घनमीटर दबलेल्या मुरुमाला १.३ घनमीटर सुटा. २४० गुणिले १.३, म्हणजे ३१२ घनमीटर, एकशेदहा ब्रास. भागिले ७.१४, म्हणजे चव्वेचाळीस गाड्या.

इथे वस्तीवर आणखी एक घोळ निघाला. कोणीतरी उलटा पडताळा केला: ३१२ मधून तीस टक्के वजा केले तर २१८ येतात, २४० नाही, मग हिशेब खोटा! तीस टक्के चढवलेला आकडा परत उतरवायचा तर १.३ ने भागायचं. ती वजाबाकी तेवीस टक्क्यांची पडते. मुरूम गाडीत मोजून बिल देताना 'तीस टक्के कापा' असं कोणी म्हणालं, तर पुरवठादाराचं विनाकारण नुकसान होतं. आणि 'तीन ब्रासची गाडी' मान्य केली तर नुकसान आपलं. एकशेदहा ब्रासला तीनने भागून सदतीस गाड्या मागवल्या असत्या आणि शेवटच्या साठेक मीटरला मुरूमच उरला नसता. शेठना मी टेपची मापं दाखवली. त्यांनी फार वाद न घालता गाडी अडीच ब्रासची धरून दर सांगितला, तो एका गाडीला आधीच्यापेक्षा थोडाच कमी होता.

चव्वेचाळीसचा आकडा कागदावर ठीक आहे, पण तो रस्त्यावर कसा उतरवायचा? मला सगळ्यात उपयोगी पडलं ते ढिगांमधलं अंतर. एका गाडीतला ७.१४ घनमीटर सुटा मुरूम दबल्यावर साडेपाच घनमीटर होतो. चार मीटर रुंदीत, १५ सेंटीमीटर जाडीत तो नऊ मीटर आणि थोडा वर पुरतो, म्हणजे बरोबर तीस फूट. म्हणून तीस-तीस फुटांवर चुन्याच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर एक गाडी. मग मी साइटवर नसलो तरी आबा काठी घेऊन उभे राहत आणि दोन ढीग जवळ पडले की लगेच ड्रायव्हरला हाक मारत. गाड्या मोजत बसायची गरजच उरली नाही.

पाण्याचाही हिशेब असाच गाडीमागे काढला. मुरुमात ओलावा सहा टक्के, हवा अकरा, म्हणजे कोरड्या वजनाच्या पाच टक्के घालायचं. एका गाडीत कोरडा मुरूम साडेदहा टनांच्या आतबाहेर, म्हणून साधारण पाचशे लिटर. उन्हात उडून जाईल ते वेगळं. टँकरवाल्याने वरवर शिंपडून भागवायचा प्रयत्न केला, तेव्हा आम्ही ढीग पसरून, पाणी मारून, जेसीबीने पुन्हा खालीवर करायला लावला.

हे पाणी आणि रोलर मी एवढ्या बारकाईने का बघत होतो? कारण जाडी फसवते. रोलर कमी फिरवला तर थर पातळ होत नाही, उलट जाड दिसतो. चव्वेचाळीस गाड्याच टाकल्या आणि घनता १.८९ ऐवजी १.७५ च आली, तर खोदून बघितल्यावर १५ ऐवजी १६ सेंटीमीटर भरतो. बघणारा खूश. पहिल्या पावसाळ्यात ट्रॉल्या गेल्या की तो चाकोऱ्यांतून खाली बसतो. तेव्हा जाडी आणि घनता एकत्र तपासल्याशिवाय दोन्हींपैकी एकालाही अर्थ नाही.

म्हणून पहिल्या तीन गाड्यांचा तुकडा नमुना धरला. व्हायब्रेटरी रोलर मिळाला होता, त्यामुळे १५ सेंटीमीटर एका थरात चाललं. साधा आठ-दहा टनी रोलर असता तर दहापेक्षा जाड थर दाबता येत नाही, दोन थर करावे लागले असते. मुरूम टाकण्याआधी खालच्या जमिनीची पातळी डंपी लेव्हलने घेऊन ठेवली होती. रोलर कडेकडून मधे आणत गेलो आणि दर एक-दोन फेऱ्यांनी पातळी घेतली. पातळी उतरायची थांबली तेव्हा सरासरी जाडी पावणेपंधरा होती. मग छोटा खड्डा करून सॅन्ड रिप्लेसमेंटने घनता घेतली, म्हणजे निघालेला मुरूम तोलायचा आणि खड्ड्यात वाळू भरून त्याचं घनफळ काढायचं. मुरुमात खडे असतात, त्यामुळे कोअर कटरची नळी ठोकून उपयोग नसतो, तो खड्यावर अडतो. घनता १.८८ ते १.९१ च्या मधे आली. गुणक बदलायची गरज पडली नाही.

ओढ्याजवळ मात्र हिशेब हलला. खुणा त्याच, गाड्या त्याच, रोलरच्या फेऱ्या त्याच, आणि पातळी काढली तर थर बाराच सेंटीमीटर. आधी संशय गाडीवर गेला. टिकावाने खोदून पाहिलं तर मुरूम आणि काळी माती यांच्यात रेघच नव्हती, खालचे दोन-तीन इंच दोन्ही कालवल्यासारखं झालेलं. तिथली जमीन ओली होती आणि मुरूम तिच्यात रुतला होता. असा गेलेला मुरूम १.३ च्या गुणकात बसत नाही, तो वेगळा धरावा लागतो. तो तुकडा उकरला, चार दिवस वाळू दिला, माती दाबून घेतली आणि मग पुन्हा थर दिला. त्यात तीन गाड्या जादा गेल्या.

शेवटी सत्तेचाळीस गाड्या झाल्या, अडीचने धरून एकशे अठराच्या आसपास ब्रास. शेठच्या वहीत तीन-तीनने मांडलेले एकशे एक्केचाळीस होते. वह्या समोरासमोर ठेवल्या, त्यांनी तीन खोडून अडीच केलं आणि बिल तिथेच मिटलं. पलीकडच्या वस्तीवरच्या पोरांनी परवा माझ्याकडे 'एका गाडीला तीस फूट' हा आकडा मागितला. त्यांचा मुरूम टेकडीचा, लाल आणि मऊ, आणि गाडी हायवा. मी त्यांना टेप, वजनकाट्याचा रस्ता आणि कढई एवढंच सांगितलं.